मदत हवी आहे: वडिलांच्या वयाचे अंक उलटे केले की मुलाचे वय, सगळ्या जोड्या कशा काढायच्या?

चौकस: कोडे असे आहे. वडिलांच्या वयातील अंकांची अदलाबदल केली की मुलाचे वय मिळते, आणि दोघांच्या वयांची बेरीज ६६. मला ४२-२४ आणि ५१-१५ सापडल्या. उत्तर म्हणून मात्र तीन जोड्या दिल्यात. तिसरी कुठली? आणि बेरजेची अट काढली तर एकूण जोड्या किती? एकेक वय तपासत बसायचे नाहीये, पण एकही सुटली नाही याची खात्री हवी.

त्रिज्या: तिसरी ६०-०६. वडिलांचे वय १०क + ख धरा, मुलाचे १०ख + क. बेरीज ११(क + ख), म्हणून तुमच्या कोड्यात क + ख = ६. वडील मोठे, म्हणजे क हा ख पेक्षा मोठा. तेव्हा ६-०, ५-१ आणि ४-२ एवढेच उरतात. ३-३ मध्ये दोघेही ३३ चे होतात.

बेरीज दिली नसेल तर वजाबाकीकडे बघा. ती ९(क − ख), म्हणजे ९ च्या पटीतच येणार. वयातला फरक आयुष्यभर तोच राहतो, म्हणून जोड्या फरकानुसार लावल्या की काही सुटत नाही. फरक २७ असेल तर क − ख = ३, आणि ख ला ० ते ६ एवढीच जागा: ३०-०३, ४१-१४, ५२-२५, ६३-३६, ७४-४७, ८५-५८, ९६-६९. सात जोड्या. फरक १८ ला आठ, ३६ ला सहा, ४५ ला पाच, ५४ ला चार. एकूण ३०. फरक ९ बाप-लेकात शक्य नाही, ६३ आणि त्यापुढचे मी सोडून देतो.

लंबक: थोडक्यात, फरक ९ च्या पटीत असला की काम झालं, आणि मग दर दहा वर्षांनी तसंच येत राहतं.

त्रिज्या: दहा नाही, अकरा. दहा वर्षांनी फक्त दशकाचा अंक वाढतो, ४१-१४ चे ५१-२४ होते आणि जुळणी मोडते. दोन्ही अंक एकेकाने वाढायला ११ वर्षे लागतात.

फिरकी: मग हे बघा. बाबा ४५, मी १८. फरक बरोब्बर २७, तरी उलटे होत नाहीत. सूत्रात गडबड आहे.

त्रिज्या: गडबड नाही. २७ फरक असला की आयुष्यात कधीतरी जुळेल, रोज नाही. तुमची ४१-१४ ची वेळ चार वर्षांपूर्वी गेली. पुढची ५२-२५, सात वर्षांनी.

दशांश: यात एक खाच आहे. आपण वय पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो, आणि असा फरक वर्षभर सारखा राहत नाही. मुलाच्या जन्माच्या वेळी वडील २७ वर्षे ४ महिन्यांचे होते असे धरा. मुलाच्या वाढदिवसापासून वडिलांच्या वाढदिवसापर्यंत ८ महिने फरक २७, नंतरचे ४ महिने २८. म्हणजे ४१-१४ फक्त ८ महिने टिकेल.

उलट, जन्माच्या वेळी वडील २६ वर्षे ९ महिन्यांचे असतील तर? वरवर बघता ते बाद. पण मुलगा १४ चा होतो तेव्हा ते ४० वर्षे ९ महिन्यांचे असतात, तीन महिन्यांनी ४१ पूर्ण, आणि तिथून मुलाच्या पंधराव्या वाढदिवसापर्यंत ९ महिने ४१-१४ जुळते. म्हणून नुसत्या जन्मवर्षांची वजाबाकी करून ठरवू नका. मुलाच्या जन्माच्या वेळी वडिलांची २६ किंवा २७ वर्षे पूर्ण असली की जोडी लागते. तसेच १७-१८, ३५-३६, ४४-४५. अपवाद एकच: दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असेल तर फरक कधी हलत नाही, तिथे २६ वाले कायमचे बाहेर.

लंबक: ही खाच लक्षात आली नव्हती. मग वडील शंभरी ओलांडतात तेव्हा काय? १२० उलटे केले की ०२१.

दशांश: म्हणजे २१, फरक ९९. ११० ला ११, तिथेही ९९. शेवटी १ असेल तर, उदाहरणार्थ १११, दोघांचे वय सारखेच येते. त्याहून मोठा अंक असेल तर मुलगाच मोठा ठरतो. तीन अंकांचा विचार नको.

चौकस: पद्धत कळली. पण ६०-०६ मनाला पटत नाही. सहा वर्षांच्या मुलाचे वय कुणी ०६ लिहीत नाही.

त्रिज्या: कोड्यात ‘दोन अंकी वये’ असे स्पष्ट असेल तर शून्यवाल्या जोड्या काढा, ३० च्या २५ राहतील आणि ६६ च्या कोड्याला दोनच उत्तरे. तसे लिहिलेले नसेल तर मी ठेवतो. ६० चे अंक उलटे केले की ०६, आणि त्याची किंमत सहाच.

दशांश: मी ठेवत नाही. कोडे घालणाऱ्याने तीन उत्तरे मागितली असतील तरच.