मदत हवी आहे: मोल्डिंग सुपरवायझरचा केआरए कसा लिहावा?

नमस्कार मंडळी. शिरोलीतल्या एका फौंड्रीत एचआर बघतो. गेल्या एप्रिलमध्ये सुपरवायझरच्या केआरएमध्ये नुसतं ‘रिजेक्शन ६ वरून ४ टक्के’ लिहिलं. मार्चमध्ये आकडा ५ आला आणि वाद पेटला. त्यांचं म्हणणं, कोल्ड शट म्हणजे धातू थंड ओतला गेला, तो दोष मेल्टिंगचा. माझ्या माथी का? मला ते पटलं, पण कागदावर तसं काहीच नव्हतं.

यंदा त्यांच्याकडे फक्त सँड ड्रॉप आणि मोल्ड शिफ्ट धरणार आहे. आकडा क्वालिटीच्या रजिस्टरमधून, वजनावर, दर तिमाहीला दोघांच्या सहीनं.

अडतंय एकाच ठिकाणी. वर्षाच्या मध्येच नवीन पॅटर्न आला की सुरुवातीला रिजेक्शन वाढतंच. ते लॉट वगळायचे का? वगळले तर किती, हे आत्ताच कसं लिहून ठेवता? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.