मदत हवी आहे: सेकंड-हँड आरसी ३९०, मालक म्हणतो "स्टँडवरून पडलीय", मला पटत नाही

यवतेश्वर_वळण (धागाकर्ता)
मंडळी, मी साताऱ्यात राहतो. सहा वर्षं पल्सर चालवली, आता पहिल्यांदाच स्पोर्ट्स बाइक घेतोय. सांगलीत विश्रामबागला २०१९ची केटीएम आरसी ३९० बघून आलो. एमएच-१० पासिंग, मीटरवर १६,४०० किमी, मागतोय १ लाख ६५ हजार. मालक बोलायला सरळ वाटला. कोइंबतूरच्या ट्रॅकवर "एकदाच" नेली होती हे त्यानं आपणहून सांगितलं.

जे खटकलं ते असं. उजव्या फेअरिंगचा रंग डाव्यापेक्षा किंचित गडद आहे, आणि आतून पाहिलं तर एक लॉक तुटून एम-सीलनं चिकटवलेलं. उजवा फूटपेग टोकाला घासलेला, सायलेन्सरवरही ओरखडे. त्याचं म्हणणं, पार्किंगमध्ये स्टँडवरून पडली. सर्व्हिस बुकात शेवटचा शिक्का ७,६०० किमीचा. त्यानंतरचं काम "ओळखीच्या मेकॅनिककडे" केलं म्हणे, पण बिल एकाही कामाचं नाही. इंजिन मात्र मऊ चालतं, खडखड अजिबात नाही.

रविवारी परत जाणार आहे. नेमकं काय बघू?

घाटमाथा_९५
टायर बघ भावा. कडेपर्यंत झिजलेला असेल आणि कडेला रबराच्या गोळ्या गोळ्या झालेल्या असतील तर ट्रॅकवर पिदडलेली गाडी, सोडून दे. इंजिनाला आवाज नाही म्हणजे इंजिन चांगलंय, तिथं टेन्शन नको.

यवतेश्वर_वळण
टायर दोन्ही नवेकोरे आहेत.

घाटमाथा_९५
मग बदलले असणार. संशय आणखी वाढला.

लेथवाला_मिरज
घाटमाथा, टायरचं अर्धं बरोबर. कास रोडला दर रविवारी जाणाऱ्या पोरांचे टायरही कडेपर्यंत घासलेले असतात, ते काही ट्रॅकला जात नाहीत. आणि नवा टायर बघून काहीच कळत नाही. फक्त बाजूवरचे चार आकडे वाचून घे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नवा दिसणारा टायर पाच वर्षांपूर्वीचा निघाला तर गाडी बराच काळ नुसती उभी होती किंवा टायर कुणाच्या तरी गोदामातला आहे.

ट्रॅकला गेली म्हणून गाडी वाईट असं मी म्हणणार नाही. ट्रॅकला जाणारा माणूस ऑइल वेळेवर बदलतो, ब्रेक बघतो. मला काळजी आहे ती पडण्याची आणि कूलंटची.

आधी पडण्याचं. स्टँडवरून गाडी पडली तर बहुधा डावीकडे पडते, कारण साइड स्टँड डावीकडे असतो. तुझे ओरखडे उजवीकडे आहेत. कुणी धक्का दिला तर उजवीकडेही पडेल, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नको. ओरखड्यांची दिशा बघ. उभ्या गाडीचे ओरखडे आखूड, वाकडेतिकडे, एकाच जागी गोल फिरल्यासारखे असतात. धावती गाडी घसरली की ते लांब, एकमेकांना समांतर आणि पुढून मागे ओढल्यासारखे उठतात. सायलेन्सरवर बोट फिरवलंस तरी कळेल.

मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळव. फोर्क धरणारी खालची टी चॅसीच्या मानेवरच्या ज्या उंचवट्याला टेकते तो स्टॉपर टॉर्च लावून बघ. जोरात पडताना पुढचं चाक मुरगळतं आणि सगळा मार तिथं बसतो. स्टॉपर चपटा झाला असेल, चीर असेल किंवा तेवढ्याच जागी रंग नवा असेल, तर गाडी पार्किंगमध्ये पडलेली नाही. यात अपसाइड-डाउन फोर्क आहे, वरची नळी जाड, त्यामुळे बाक डोळ्यांना सहज दिसत नाही. म्हणून स्टॉपर आणि टी बघायची.

कृष्णाकाठची
माझ्या भावानं अशीच पुण्याहून गाडी आणली होती, एमएच-१२ पासिंग. हप्ते फिटले होते पण बँकेचा बोजा आरसी बुकावरून उतरवलाच नव्हता, मग फॉर्म ३५साठी चार महिने हेलपाटे. दादा, तुमचं ट्रान्सफर कसं करणार आहात? फॉर्म २९, ३० झाले का?

यवतेश्वर_वळण
ताई, अजून घ्यायचीच ठरली नाहीये 😅 पण बोजा बघून घेतो, धन्यवाद.

पोवई_नाका
इन्शुरन्सच्या जुन्या पॉलिसीत एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस बघा. शून्य असेल तर बहुधा आधी क्लेम घेतलाय.

यवतेश्वर_वळण
फक्त थर्ड पार्टी आहे, त्यात एनसीबीच नाही.

यवतेश्वर_वळण (रविवारी रात्री)
जाऊन आलो. सायलेन्सरवरचे ओरखडे लांब आहेत, साधारण चार बोटं, पुढून मागे. उजव्या स्टॉपरवर रुपयाच्या नाण्याच्या निम्म्या आकाराचा चपटा चकचकीत डाग आहे आणि भोवती काळा रंग जरा जाड. डावा स्टॉपर कंपनीचा जसाच्या तसा.

शेजारच्या गॅरेजवाल्यानं पॅडॉक स्टँड दिला आणि दोरी लावून अलाइनमेंट बघितली. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी पुढे ताणली, पुढचं चाक दोऱ्यांना समांतर केलं आणि अंतर मोजलं. डावीकडे २७ मिमी, उजवीकडे १३. गॅरेजवाला म्हणाला, "चॅसी गेली, नाद सोडा." संपलं का?

लेथवाला_मिरज
थांब, एवढ्यात चॅसीवर जाऊ नको. मागचा टायर १५० मिमी रुंद, पुढचा ११०. फरक ४०, म्हणजे दोन्ही बाजूंना २०-२० यायला हवं. तुझं ७ मिमी सरकलंय. पण मागचं चाकच तिरकं बसलं असेल तर दोरीही तिरकीच जाणार. चेन ॲडजस्टर एकमेकांपासून वीतभर लांब, समज २२ सेंमी. पुढचं चाक मागच्यापासून १३४ सेंमीवर. मागे एका बाजूला १ मिमीची चूक झाली तर पुढे ती सहापट होऊन दिसते. चेन ताणताना मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या खुणांवर विसंबून १ मिमी चुकणं रोजचं आहे.

मालकाला फोन करून पुढची चक्कर ठरव. चिमट्याच्या पिव्होट बोल्टच्या मध्यापासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी पट्टी लावून मोज. तुझ्या आकड्यांवरून डावीकडचं अंतर जास्त यायला हवं. ते आलं तर चाक सरळ करून दोरी परत लाव. तरीही ५-६ मिमी राहिलं तर मग चॅसी, टी किंवा फोर्कवर संशय घे.

आणि कूलंट बघितलंस का?

यवतेश्वर_वळण
बघितलं. टाकीत पाण्यासारखं आहे, रंगच नाही.

लेथवाला_मिरज
वाटलंच. बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकॉलवालं कूलंट चालत नाही, सांडलं की मागून येणारा घसरतो. म्हणून साधं पाणी भरतात आणि घरी आल्यावर कूलंट परत घालायचं विसरतात. ॲल्युमिनियमच्या इंजिनात नुसतं पाणी राहिलं की आतून गंज आणि पांढरी खरपड धरते. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट फिरव, तपकिरी चिखल लागतो का बघ. गरम असताना उघडू नको, भाजशील. मग वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून सुकलेला ओघळ आलाय का बघ. ओघळ असेल तर पंपाचं सील गेलंय.

ऑइलच्या ड्रेन बोल्टच्या डोक्याला बारीक आडवं भोक आहे का तेही बघ. तारेनं बांधायला पाडतात. "एकदाच" गेलेला माणूस सहसा बोल्ट ड्रिल करत बसत नाही.

आता इंजिनाच्या आवाजाचं. घाटमाथा म्हणतो आवाज नाही म्हणजे चांगलं, ते उलटंही असू शकतं. वॉल्व्ह ढिला झाला की टकटक करतो, आवळला की गप्प होतो. आवळलेला वॉल्व्ह नीट बसत नाही, तापतो, जळतो. या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची फट, १५,००० किमीला तपासायचे असतात आणि तुझ्याकडे ७,६०० नंतर कागद नाही. सकाळी आठला जा, इंजिनाला हात लावून थंड आहे याची खात्री कर, मग स्टार्ट मार. पहिल्या सेल्फला लागत नसेल, आयडलवर बंद पडत असेल आणि गरम झाल्यावर गुणी होत असेल, तर टॅपेट उघडल्याशिवाय पैसे देऊ नको. मागच्या दोन वेळेला गाडी गरम होती का?

यवतेश्वर_वळण
दोन्ही वेळेला! "आत्ताच चक्कर मारून आणली" म्हणाला होता.

घाटमाथा_९५
माझीपण तीच बोंब झाली होती राव, विकणारा मुद्दाम तापवून ठेवतो. लेथवाले काका, टॅपेटचं माहीत नव्हतं.

यवतेश्वर_वळण (बुधवारी)
सकाळी सव्वासातला पोचलो, न सांगता. इंजिन गार. तिसऱ्या सेल्फला लागली, मग मिनिटभर धरून ठेवावी लागली. पिव्होटपासून ॲक्सल डावीकडे १ मिमी जास्त निघालं, अगदी तुम्ही सांगितलंत तसं. चाक सरळ केल्यावर दोरी २१ आणि १९. ड्रेन बोल्टला भोक आहे. रेडिएटरच्या झाकणाखाली बोटाला फिकट तपकिरी लागलं, पंपाखाली ओघळ नाही.

हे सगळं दाखवल्यावर मालक जरा गप्प झाला. मग म्हणाला, ट्रॅकवर तीनदा गेलो होतो, दुसऱ्या वेळेला वळणात घसरून उजवीकडे लो-साइड झाला. आता १ लाख ४० म्हणतोय, पण टॅपेट कव्हर उघडायला नको म्हणतो.

लेथवाला_मिरज
२१-१९ म्हणजे चॅसीचं भय बरंच कमी झालं, तेवढा फरक दोरीच्या मोजमापातच येतो. पण स्टॉपरला मार बसलाय, तेव्हा कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंगं तपास. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरव, मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट बदलायचा. ते खर्चाचं काम आहे, पण होऊन जातं. टॅपेटचं मात्र फोनवर ठरणार नाही. त्याला सांग, उघडणावळ मी देतो, मोजून जे येईल ते दोघांसमोर येऊ दे.

पोवई_नाका
एवढ्या भानगडीपेक्षा जरा थांबून दुसरी बघा की.

यवतेश्वर_वळण
उघडणावळ देतो म्हणून सांगितलं. "घरच्यांना विचारून सांगतो" म्हणाला. शनिवारपर्यंत वाट बघतो. तोवर एक विचारायचं राहिलं, १ लाख ४० मध्ये कोनसेट आणि टॅपेट दोन्ही निघाले तर किती कमी करायला सांगू?