जीबीएस पॉझिटिव्ह आणि प्रसूती

> "३६व्या आठवड्यात जीबीएस पॉझिटिव्ह आले. आताच गोळ्या का देत नाहीत? सिझेरियन होईल का?"

जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, प्रसूतीच्या वेळी बाळाला लागू शकणारा जंतू. गोळ्यांनी तो तात्पुरता हटला, तरी आतड्यातून योनिमार्गात पुन्हा येऊ शकतो. म्हणून कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर पेनिसिलिन शिरेतून सुरू करतात आणि बाळ जन्मेपर्यंत दर ४ तासांनी देतात. पहिला डोस जन्मापूर्वी किमान ४ तास मिळावा, यासाठी पाणी गेल्यास कळांची वाट न पाहता रुग्णालयात निघावे. केवळ या कारणासाठी सिझेरियन करत नाहीत. उलट कळा किंवा पाणी जाण्याआधीच ते ठरवून झाले, तर जीबीएससाठी हे औषध लागतही नाही. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असल्यास मात्र आजच सांगावे, कारण क्लिंडामायसिन हे पर्यायी औषध त्या जंतूवर चालते का, हे प्रयोगशाळेत आधी तपासावे लागते.