चिंचेचं सांबार रात्रभर जर्मनच्या पातेल्यात राहिलं तर?

चुलवण
दर रविवारी माझ्याकडे सांबार मुद्दाम जास्तीचं होतं. जर्मनच्या पातेल्यात करते आणि त्यातच झाकून सकाळपर्यंत ठेवते. परवा सकाळी ओतून घेतलं तर सांबार होतं तिथपर्यंत पातेलं आतून लख्ख, वर नेहमीसारखं काळपट. सासूबाई म्हणतात, जर्मन वाईट, तांब्याच्या पातेल्यात काढून ठेवत जा. तसं करू का? आणि ते लख्ख कशामुळे झालं?

उंबरठा
काही होत नाही हो. आमच्या आईने चाळीस वर्षं जर्मनमध्येच आमटी केली आणि ठेवली. आम्ही सगळे धडधाकट आहोत. तांब्याचं मात्र सासूबाईंचं बरोबर आहे. तांबं शुद्ध, त्यात अन्न टिकतं.

धातुरंग
गंजणाऱ्या धातूंच्या परीक्षणात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. त्याच्या भांड्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो. तोच धातूला झाकून ठेवतो. भांड्यात वारंवार पाणी उकळलं की हा थर जाड आणि काळपट होतो. साध्या पाण्यात, दुधात, भातात तो टिकतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो विरघळवतं. तुमच्या पातेल्यावरचा काळेपणा रातोरात सांबारात उतरला. खालचा उघडा धातू पुन्हा थर धरायला बघतो आणि आंबट रस तोही खातो. वर मीठ आहेच. ते थराला जागोजागी भेदतं, म्हणून जुन्या पातेल्याच्या तळाला सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. नखाने चाचपून बघा.

उकळताना धातू झपाट्याने सुटतो, पण ते अर्ध्या तासाचं काम. रात्री सावकाश सुटतो, पण आठ-दहा तास. म्हणून जर्मनमध्ये करायचंच असेल तर डाळ-भाज्या आधी शिजवून घ्या, चिंचेचा कोळ शेवटच्या दहा मिनिटांत घाला आणि गॅस बंद केल्यावर लगेच स्टीलमध्ये ओता.

तांब्यात काढून ठेवू नका. कल्हई नसलेल्या तांब्यात तर अजिबात नाही. ते जर्मनपेक्षा वाईट.

उंबरठा
तांबं जर्मनपेक्षा वाईट हे पहिल्यांदाच ऐकतोय. पिढ्यान्‌पिढ्या लोक तांब्यापितळेतच जेवले ना?

ओसरी
जेवले, पण कल्हईच्या भांड्यांत. आमची आजी कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवू द्यायची नाही, "कळकेल" म्हणायची. आंबट आमटी कळकली की जिभेला तुरट, धातूसारखी चव येते आणि कडेला हिरवट झाक दिसते. ती आमटी आजी सरळ फेकून द्यायची. आणि तांब्याचा गडू आपण घासतो कशाने? चिंच आणि मिठाने. दोन मिनिटांत काळा गडू लालभडक होतो. मग तीच चिंच आणि तेच मीठ रात्रभर आत ठेवलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

रानजाई
मी रोज तांब्याच्या तांब्यातलं रात्रीचं पाणी पिते, दहा वर्षं झाली. त्यात लिंबू पिळून ठेवलं तर चालेल का? हल्ली तसं केलं की सकाळी मळमळतं, मला वाटलं पित्त असेल.

धातुरंग
रानजाई, लिंबू त्यात ठेवू नका. प्यायच्या वेळी काचेच्या पेल्यात पिळा. साध्या पाण्याची गोष्ट वेगळी, त्यात तांबं फारच थोडं उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 2 मिलिग्रॅम तांब्याची मर्यादा सांगितली आहे आणि साधारण 4 च्या पुढे काही जणांना मळमळायला लागतं. आंबट पाणी रात्रभर ठेवल्यावर तो आकडा ओलांडला जाऊ शकतो. तुमची मळमळ त्यामुळेच आहे असं मी इथून म्हणणार नाही. आठवडाभर लिंबू बंद करून बघा, नाही थांबली तर डॉक्टरांकडे जा.

उंबरठा, तांबं वाईट म्हणण्याचं कारण हेच. जर्मनचा धातू पोटात गेला तर त्याचा फारच थोडा अंश रक्तात शिरतो, त्या दिवशी काही जाणवत नाही. तांबं जास्त गेलं तर बऱ्याचदा तासाभरातच उलटी होते. आणखी एक. तांबं विरघळायला आम्लाबरोबर हवाही लागते. खळखळ उकळताना रसात हवा कमी असते, निवत गेला की पुन्हा शिरते. म्हणून तांब्यात रांधण्यापेक्षा ठेवणं जास्त घातक, आणि हिरवी कड पहिल्यांदा रसाच्या वरच्या रेषेवर दिसते.

कळकलेली आमटी पुन्हा उकळून सुधारत नाही. उतरलेला धातू तिथेच राहतो.

कल्हई शाबूत आहे का ते तळाशी आणि पळी घासते त्या बाजूला बघा. लाल दिसलं की त्यात आंबट काही करू नका. रिकामं पातेलं गॅसवर तापू दिलं तरी कल्हई जाते, कथील 232 अंशांनाच वितळतं. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही नीट कल्हई नसलेली तांब्यापितळेची भांडी अन्नासाठी अयोग्यच धरली आहेत.

संथवारा
तांब्याचं पटलं. पण जर्मनला तुम्ही फार सौम्य सोडताय. जर्मनमुळे स्मृतिभ्रंश होतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी घरातली सगळी भांडी मोडीत काढली.

धातुरंग
भांड्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो हे सिद्ध झालेलं नाही. ही भीती पसरण्यामागे डायलिसिसचाही वाटा आहे. 1970 च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या अॅल्युमिनियममुळे रुग्णांच्या मेंदूवर खरंच गंभीर परिणाम झाले होते. पण तिथे ते आतड्याला वळसा घालून थेट रक्तात जात होतं.

हिशेब करून बघू. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2008 मध्ये आठवड्याला दर किलो वजनामागे 1 मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. साठ किलोच्या माणसाला 60. समजा, रात्रभर ठेवलेल्या सांबारात किलोमागे 20 मिलिग्रॅम उतरलं. हा आकडा फक्त हिशेबापुरता घेतलाय, तुमच्या पातेल्याचा नव्हे. तीनशे ग्रॅम खाल्लं तर 6. आठवड्यातून एकदा काही बिघडत नाही. रोज खाल्लं तर 42, आणि बाकीच्या अन्नातूनही थोडं येतच असतं. पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा मात्र 15 च, त्याने रोज शंभर ग्रॅम खाल्लं तरी 14 होतात.

ओसरी
माझ्या वडिलांची किडनी निम्म्याने काम करते. त्यांच्यासाठी हाच हिशेब धरायचा?

धातुरंग
नाही. शरीरात शिरलेलं अॅल्युमिनियम किडनीच बाहेर टाकते. त्यांच्यासाठी आंबट काहीही जर्मनमध्ये रांधूही नका. आणि किडनीच्या डॉक्टरांना विचारा, काही अँटासिडमध्येही अॅल्युमिनियम असतं.

संथवारा
म्हणजे मुलांना नको, किडनीवाल्यांना नको. मग घरात ठेवायचंच कशाला? माझं मत बदललेलं नाही.

उंबरठा
मीही जर्मन टाकणार नाही. पण रात्री ओतून ठेवायचं मान्य. काल चिंचेच्या चटणीच्या स्टीलच्या वाटीवर फॉइल लावली होती. सकाळी चटणी टेकली होती तिथे टाचणीएवढी भोकं होती. अशी चटणी आजवर कितीदा खाल्ली असेल कोण जाणे.

चुलवण
तळाला नख फिरवून पाहिलं, खड्डे आहेत. सासूबाईंच्या तांब्याच्या पातेल्यात टॉर्च मारला तर तळाला हाताएवढा लाल पट्टा. त्यांनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "कल्हई करून घेऊ, मग तरी ठेवशील ना?" कल्हई नवी असेल तर रात्रभर चालेल का?

धातुरंग
नव्या कल्हईत रांधा, वाढा. रात्रभर आंबट मी तरी ठेवणार नाही. कथीलही आंबटात थोडं सुटतं आणि पळीचा ओरखडा कुठे गेलाय ते सांबाराखाली दिसत नाही.