त्रिभुज प्रदेश आणि खाडी

"गोदावरीला त्रिभुज प्रदेश, मग नर्मदेला का नाही?" - मुलाला नळीने अंगणात गढूळ पाणी सोडून दाखवा, सपाटीवर वेग मेला की गाळ पंख्यासारखा पसरतो आणि पाणी त्यातून फाटे काढतं. गोदावरीचं तेच होतं, राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमजवळ गौतमी आणि वसिष्ठ असे फाटे फुटतात. आता तोच गाळ बसायच्या आत कोणी खराट्याने झाडत राहिलं तर? खंभातच्या आखातात भरती-ओहोटी तेच करते, तिथे पाणी कधीकधी १० मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यामुळे नर्मदेच्या मुखाशी रुंद खाडीच राहते. आपल्याकडे बघायचं तर वाशिष्ठीची दाभोळ खाडी बघा, भरतीला खारं पाणी नदीत उलटं वर चढतं, खाडीची हीच खूण.