शिकवणी अ‍ॅपची मोफत ट्रायल: जाहिरातीखाली नेमकं काय लिहिलेलं असावं?

सदाफुली
सुट्ट्या लागल्या आणि पालकांच्या ग्रुपवर तीच जुनी ओळ परत फिरायला लागली: "7 दिवस मोफत, कधीही रद्द करा!" ऑनलाइन शाळेच्या काळात अशा ओळींचा पाऊस पडत होता. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी सूचनापत्र काढलं, त्यात वर्गणीसाठी आपोआप पैसे कापण्याचा पर्याय टाळा असं स्पष्ट म्हटलं होतं. ओळ मात्र बदलली नाही.

एका छोट्या मराठी शिकवणी अ‍ॅपसाठी इन्स्टाग्रामच्या पोस्टखालचा मजकूर लिहायचा आहे. पाचवी ते दहावी, 7 दिवस मोफत, मग दरमहा 499 रुपये. ठरलेला मजकूर असा:

"7 दिवस पूर्णपणे मोफत! आजच सुरू करा, कधीही रद्द करा. तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित."

यात माहिती कोणती घेतात ते नाही आणि रद्द कसं करायचं तेही नाही. ज्यांनी असं लिहिलंय, तपासलंय किंवा पालक म्हणून यातून गेलात, त्यांनी लिहा. अ‍ॅपची नावं नकोत.

मेतकूट
"कधीही रद्द करा" हे तीन शब्द आधी काढा. कधी ते सांगा. सोमवारी रात्री 9 ला ट्रायल सुरू केली तर ती पुढच्या सोमवारी रात्री 9 ला संपते. लोक बोटं मोजतात सोम-मंगळ-बुध अशी, आणि सातवा दिवस रविवार येतो. काहीजण "आठव्या दिवशी बघू" म्हणतात आणि सोमवारी रात्री जेवणं उरकून फोन हातात घेईपर्यंत पैसे गेलेले असतात. आयफोनवर तर ट्रायल संपायच्या किमान 24 तास आधी रद्द करावं लागतं, म्हणजे या उदाहरणात रविवारी रात्री 9 च्या आत. तारीख लिहिता येत नाही कारण प्रत्येकाची वेगळी, पण वार लिहिता येतो: "सोमवारी सुरू केलं तर रविवारी दुपारपर्यंत रद्द करा." अँड्रॉइड, आयफोन दोघांनाही हे चालतं आणि कुणाला आकडेमोड करावी लागत नाही.

बापूसाहेब
एवढं कशाला? अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं की विषय संपला.

मेतकूट
नाही बापूसाहेब, तिथेच सगळे अडकतात. अ‍ॅप काढल्याने वर्गणी रद्द होत नाही. वर्गणी तुमच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्यावर असते, फोनमध्ये नाही. उलट अ‍ॅप गेल्यावर आठवण करून देणारं चिन्हही समोरून जातं. म्हणून ही ओळ मजकुरात हवीच: "अ‍ॅप काढल्याने वर्गणी रद्द होत नाही."

टपालखातं
रद्द करण्याचा रस्ता पैसे कुठून दिले त्यावर ठरतो, आणि बहुतेक जाहिरातींत हेच गाळलेलं असतं.

प्ले स्टोअरमधून ट्रायल घेतली असेल तर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे तुमचा फोटो, मग Payments & subscriptions, त्यात Subscriptions, अ‍ॅपचं नाव, Cancel subscription. आयफोनवर Settings, सगळ्यात वर तुमचं नाव, Subscriptions.

पण कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून यूपीआय ऑटोपे मंजूर केला असेल तर या दोन्ही ठिकाणी काहीच दिसणार नाही. मग पालक म्हणतात, वर्गणी दिसतच नाही म्हणजे नसेलच. ती असते तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये: प्रोफाइलमध्ये Autopay शोधा, तिथे चालू मंजुऱ्यांची यादी असते. ती कायमची बंद करा, नुसती Pause नको. पिन लागतो.

मंजुरी देताना "1 रुपया" दिसतो तेव्हा त्याच पडद्यावर खाली जास्तीत जास्त रक्कम, किती वेळाने कापणार आणि कधीपर्यंत हेही लिहिलेलं असतं. तो रुपया मंजुरी तपासण्यासाठीचा. खरी गोष्ट जास्तीत जास्त रकमेची. 499 च्या वर्गणीसाठी तिथे 5,000 दिसले तर तिथेच थांबा आणि विचारा. अशा वर्गण्यांना 15,000 रुपयांपर्यंत प्रत्येक वेळी पिन विचारला जात नाही.

सदाफुली
@टपालखातं आमच्याकडे दोन्ही वाटा आहेत, प्ले स्टोअर आणि वेबसाइट. दोन वेगळ्या पोस्ट कराव्या का?

टपालखातं
पोस्ट एकच, पण पोस्टमधून एकाच वाटेवर पाठवा. दोन रस्ते एका मजकुरात लिहिले की वाचणारा चुकीचा धरतो. वेबसाइटवाल्यांना त्यांची पायरी पैसे देण्याच्या पानावरच दाखवा. आणि पैसे कापायच्या किमान 24 तास आधी सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, ऑक्टोबर 2021 पासून. "आदल्या दिवशी संदेश येईल, त्यातूनही थांबवता येईल" असं तिथे लिहिलंत तर पालकांचा जीव भांड्यात पडेल.

आजोळ
भाचीच्या क्लासचे हप्ते चालू आहेत, टॅबसकट घेतलाय. ऑटोपे असाच बंद केला तर चालेल का? क्लास आवडत नाहीये तिला.

टपालखातं
ताई, घाई करू नका. ते हप्ते बहुधा एखाद्या वित्त कंपनीच्या कर्जाचे आहेत, ट्रायलशी संबंध नाही. ऑटोपे बंद केला तर कर्ज तसंच राहतं, हप्ता चुकला अशी नोंद होते आणि सिबिल बिघडतं. आधी कर्जाचा करार ईमेलवर शोधा, सावकार म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. क्लास रद्द करण्याची मुदत क्लासच्या अटींत वेगळी असते. क्लासला लेखी कळवा आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र मागा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

आजोळ
बरं. टॅब परत घेतील का पण

मेतकूट
अटींत टॅबची किंमत वेगळी लावली आहे का बघा, बऱ्याचदा तिथेच अडतं.

चौकट
माहितीबद्दल कुणी बोललंच नाही. "तुमची माहिती सुरक्षित" हे वाक्य काहीच सांगत नाही. काय घेतो, कशासाठी घेतो आणि कशासाठी वापरत नाही, या तीन गोष्टी हव्यात, आणि त्यातही पालकाला धक्का बसेल अशा आधी. मुलाचा बोर्ड नि इयत्ता घेतली याचं कुणाला काही वाटत नाही. पण गणिताच्या उदाहरणाचा फोटो काढताना वहीवरचं नाव, शाळेचं नाव, कधीकधी मागे बसलेली आजीसुद्धा फोटोत येते. तो फोटो सर्व्हरवर किती दिवस राहतो हे लिहा. वाचून दाखवण्याचा सराव असेल तर आवाज रेकॉर्ड होतो, तेही लिहा.

मोबाइल नंबर सगळेच घेतात. पण ओटीपीसाठी घेतलेला नंबर विक्रीच्या फोनसाठी वापरणार असाल तर ते वेगळं लिहा आणि वेगळं विचारा. पालकांची खरी तक्रार तिथेच असते.

लिहिण्याआधी अ‍ॅप बनवणाऱ्याला विचारा की अ‍ॅपमध्ये बाहेरची कोणती साधनं जोडली आहेत: वापर मोजणारी, जाहिरातीची, क्रॅश कळवणारी. जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक बहुतेकदा त्यांच्यातून बाहेर जातो आणि मजकूर लिहिणाऱ्याला पत्ताच नसतो. प्ले स्टोअरवर Data safety नावाचा भाग आहे, तो कंपनीने स्वतःच भरलेला असतो. तुमची पोस्ट आणि तो भाग जुळले पाहिजेत. तिथे "ठिकाण घेतो" आणि पोस्टमध्ये "ठिकाण घेत नाही" असं झालं तर एक स्क्रीनशॉट पुरतो.

नदीकाठ
मुलांची माहिती आईवडिलांच्या संमतीशिवाय घेताच येत नाही आता, कायदा आहे. त्यामुळे हे सगळं लिहायची गरजच नाही, संमती घेतली की झालं.

चौकट
अर्धं बरोबर. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकाची पडताळलेली संमती आहे, मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पण नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि यातल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. शिवाय संमती घेण्याआधी काय घेतो ते सांगावंच लागतं, म्हणजे लिहिणं टळत नाही. ते मराठीतून वाचण्याचा पर्यायही द्यावा लागेल, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत. दिलेली संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, हेही कायद्यात आहे.

नदीकाठ
18 महिने हे माहीत नव्हतं. शाळांना सूट आहे ना पण?

चौकट
शैक्षणिक संस्थांना काही बाबतींत आहे. खासगी शिकवणी अ‍ॅप त्यात बसतं का यावर मतं वेगळी आहेत. सूट धरून लिहू नका.

टपालखातं
अजून एक टोचणारी गोष्ट. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अ‍ॅप-वेबसाइटवरच्या, ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 13 प्रकार आहेत. वर्गणीचा सापळा हा त्यातला एक. रद्द करण्याचा पर्याय लपवणं त्यात येतंच, पण मोफत वर्गणीसाठी पैशाचा तपशील किंवा ऑटोपेची मंजुरी द्यायला भाग पाडणं हेही येतं.

मेतकूट
मग ऑटोपेशिवाय ट्रायल नाही, हेच सापळा ठरेल?

टपालखातं
माझ्या मते हो. कंपन्या म्हणतात ही मोफत वर्गणी नव्हे, सशुल्क वर्गणीचा मोफत काळ आहे. ट्रायलला पैशाचा तपशील मागूच नये आणि आठव्या दिवशी विचारावं, हा सगळ्यात स्वच्छ मार्ग.

मेतकूट
तसं केलं तर टिकणारे कमी होतात असं विक्रीवाले म्हणणार. मला नाही वाटत हा वाद इथे मिटेल.

पाटी-पेन्सिल
इन्स्टावर मजकुराच्या पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, बाकी "more" दाबल्यावर. पैसे आणि रद्द करण्याचा दिवस त्या दोन ओळींतच बसवा. मजकुरातली लिंक दाबता येत नाही, ती प्रोफाइलमध्ये ठेवा. आणि 499 जीएसटी धरून की वेगळा? तिथेही माणसं चिडतात.

सदाफुली
धरूनच आहे. सगळ्यांचं वाचून परत लिहिलंय. आमच्या तंत्रज्ञांनी फोटो 30 दिवसांनी पुसले जातात असं लेखी दिलं, म्हणून तो आकडा घातला:

"7 दिवस मोफत, मग दरमहा 499 रुपये आपोआप कापले जातात, जीएसटी धरून. नको असेल तर सोमवारी सुरू केलेल्यांनी रविवारी दुपारपर्यंत रद्द करा.
रद्द करण्यासाठी: प्ले स्टोअर, वर तुमचा फोटो, Payments & subscriptions, Subscriptions, आमचं अ‍ॅप, Cancel subscription. अ‍ॅप काढल्याने वर्गणी रद्द होत नाही.
आम्ही घेतो: पालकाचा मोबाइल नंबर ओटीपीसाठी, मुलाची इयत्ता आणि बोर्ड, सोडवलेल्या प्रश्नांचे गुण, उदाहरणांचे फोटो. फोटो 30 दिवसांनी पुसले जातात. विक्रीचा फोन तुम्ही वेगळी परवानगी दिली तरच येईल.
खातं आणि माहिती पुसायची असेल तर अ‍ॅपमध्ये प्रोफाइल, मग 'खातं काढा'."

चौकट
खूप चांगलं. शेवटच्या ओळीत एक भर घाला: खातं काढल्यानेही वर्गणी आपोआप रद्द होतेच असं नाही, आधी वर्गणी, मग खातं. उलट क्रमाने केलं तर खातं जातं आणि पैसे कापले जात राहतात. आणि अ‍ॅप काढून टाकलेल्यांसाठी खातं पुसायची वेब लिंकही लागते, गूगलच्या अटीत आहे ते.

पाटी-पेन्सिल
आणि मंगळवारी सुरू करणाऱ्याने काय करायचं? "सुरू केलेल्या वाराच्या आदल्या वारी" असं लिहिलं तर?

बापूसाहेब
ते मला दोनदा वाचावं लागलं. सोमवार-रविवारच राहू द्या, कळतं. आत्ताच प्ले स्टोअर उघडून बघितलं, नातवाची एक वर्गणी अजून चालू दिसतेय. Cancel दाबलं की कारण विचारतंय, काय निवडू?

टपालखातं
काहीही निवडा, फरक पडत नाही. पुढे पुन्हा एकदा Cancel subscription येईल, ते दाबेपर्यंत रद्द होत नाही. झालं की तिथेच कुठल्या तारखेपर्यंत वापरता येईल ते दिसेल, ईमेलही येईल.