पत्र काढा, पाकिटं ठेवा

> मुलीला बाबांच्या कपाटात तिच्यासाठी घेतलेली, न पाठवलेली वाढदिवसाची कार्डं सापडतात, इथवर कथा जमली. तिच्या लग्नावरून अबोला होता, हे सांगायला बाबांचं पत्र घातलं, पण फार रडकं होतंय. काय करू?

पत्र काढूनच टाका. पाकिटं पुरेशी आहेत. पहिल्यावर तिचं माहेरचं आडनाव. पुढच्या दोन-तीनांवर आडनावच नाही, नुसतं 'चि.' आणि नाव. मग एका वर्षी 'सौ.' आणि सासरचं आडनाव, तेही आधी काहीतरी खोडून. बाबा कधी नमले ते वाचकाला तिथेच कळतं, कदाचित मुलीच्याही आधी.

तिकिटांचाही उपयोग करा. १९९४ मध्ये साध्या पाकिटाला एक रुपया लागायचा, २००५ मध्ये पाच. जुन्या पाकिटांवर एकाचं आणि नंतरच्यांवर पाचाचं तिकीट दिसलं, की माणूस वेळोवेळी पोस्टापर्यंत जाऊन परत आलाय हे न सांगता कळेल. तिकिटांवर शिक्का मात्र नको. मसुद्यात तो आहे, म्हणजे ती पाकिटं टपालात पडली असा अर्थ होतो!

घर कोकणातलं आहे ना? मग 'तिने पाकीट अलगद उघडलं' हे पटत नाही. एवढ्या पावसाळ्यांत न चिकटवलेल्या पाकिटाचा डिंकही आपोआप धरतो. तिला केसांतल्या आकड्याने कड फाडावी लागेल. बाबांनी ते बंद केलं होतं की दमट हवेने, हे तिलाही कळू नये. शेवट मी तिथेच करेन.

आणि तिचा नवा पत्ता बाबांना कुठून मिळाला? आईच्या वहीतून, बहुतेक. तेवढं एक वाक्य घाला.